शुगरच्या पेशंटला ताप आलाय अन् जेवण जात नाही, तर काय करायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाऊस उघडला, भादव्याचं ऊन पडायला लागलं की आमच्या शुगर क्लिनिकच्या समुपदेशन टेबलावरचा फोन थांबत नाही. लातूर, नांदेड, परभणी, बीड कुठूनही फोन असो, विषय तोच, घरात कुणालातरी शुगर आहे, ताप आलाय, भाकरीकडं बघवत नाही म्हणतायत, आता गोळ्यांचं काय करू. तेच तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. डोस किती कमी-जास्त करायचा हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं, पण त्यांना फोन लावायच्या आधी काय बघायचं आणि तोपर्यंत काय करायचं नाही एवढं तरी इथं वाचून कळेल.

१. पोटात अन्नच नाही तर शुगर वाढेल कशी? मग गोळी-इन्सुलिन बंद केलं तर काय बिघडलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त पेशंट बिघडतात तेही इथंच. रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही, लिव्हरमध्येही साठा असतो आणि लिव्हर नवीन साखर तयारही करतं. ताप आला की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन असे हार्मोन सोडतं, ते लिव्हरला साखर सोडायला लावतात आणि वर इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणून दिवसभर नुसत्या पाण्यावर असलेल्या माणसाची शुगर पण २५०-३०० निघते आणि घरचे म्हणतात मशीन बिघडली.

पण उलटंही होतं. काही गोळ्या अशा आहेत की जेवण नसताना घेतल्या तर शुगर धाडकन खाली येते. म्हणजे "सगळं बंद" हेही चूक आणि "काही का होईना, गोळी चुकवायची नाही" हेही चूक. कोणत्या गोळीचं काय ते प्रश्न ५ मध्ये आहे. इन्सुलिनवाल्यांनी मात्र एवढं पक्कं धरा की पूर्ण बंद कधीच नाही, त्याचं प्रश्न ७ आणि ८ मध्ये बघा.

२. तापात शुगर किती वेळा तपासायची? आमच्याकडं तर महिन्यातून एकदा लॅबमध्ये करतो.

नुसत्या गोळ्या असतील तर दिवसातून चारदा तरी, सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. इन्सुलिन असेल तर दर चार तासांनी, रात्रीसुद्धा एकदा उठून. टाइप १, म्हणजे शरीरात स्वतःचं इन्सुलिनच नाही अशी शुगर असेल तर दर दोन ते चार तासांनी. घरात मशीन नसेल तर शेजारीपाजारी विचारा, आजकाल प्रत्येक गल्लीत एखाद्याकडं असतेच, फक्त सुई ज्याची त्यानं नवीन वापरायची आणि स्ट्रिप त्याच मशीनची पाहिजे.

तापाच्या दिवसांत १०० ते २०० मध्ये शुगर राहिली तर आम्ही समाधानी असतो, या दिवसांत एकदम परफेक्ट आकड्याच्या मागं लागू नका. ७० च्या खाली आली तर लगेच प्रश्न १२ वाचा. २५० च्या वर सलग दोन वेळा आली तर डॉक्टरांना फोन. ३०० च्या वर राहिली किंवा मशीनवर "HI" आलं तर फोनवर भागवू नका, सरळ दवाखाना. आकडा, वेळ, ताप किती, काय खाल्लं, लघवी किती वेळा झाली हे एका कागदावर लिहीत चला. फोनवर "शुगर वाढलीय थोडी" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार.

३. काहीच जात नाही म्हणतायत. खायला-प्यायला नेमकं काय द्यायचं?

आधी पाणी, मग अन्न. तापानं घाम जातो आणि शुगर वाढली की लघवीवाटे पाणी जातं, दोन्हीकडून शरीर कोरडं पडतं, आणि कोरडं पडलं की शुगर अजून चढते. जागेपणी दर तासाला अर्धा ते एक पेला काहीतरी पातळ पोटात गेलं पाहिजे. एकदम तांब्याभर पाजलं की उलटी होते, म्हणून घोट घोट, चमच्या चमच्यानं. (हार्ट किंवा किडनीवाल्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल तर हा हिशोब त्यांना लागू नाही, प्रश्न १४ बघा.)

आता पातळ म्हणजे कोणतं, हे शुगरच्या आकड्यावर ठरवा. शुगर २५० च्या वर असेल तर साधं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, वरणाचं वरचं पाणी, लिंबू-मीठ पाणी बिनसाखरेचं. शुगर १५० च्या आत असेल आणि जेवण जात नसेल तर मात्र पेज, दूध, गरज पडली तर साखर घातलेला चहासुद्धा चालतो. हो, चालतो. एरवी ज्या साखरेला आम्ही नाही म्हणतो तीच या दिवशी औषध असते, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लायमेपिराइडसारखी गोळी पोटात असेल तर. मधल्या आकड्याला दोन्ही आलटून पालटून.

भाकरी जात नसेल तर भाकरीचा आग्रह सोडा. ज्वारीच्या कण्या ताकात पातळ करून, आंबील, भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, जे तोंडाला बरं वाटेल ते. साधारण तीन-चार तासांत ४५ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट जावं असा हिशोब असतो, पण ग्रॅम मोजत बसायचं नसेल तर असं धरा, एक वाटी घट्टसर पेज किंवा अर्धी वाटी भात किंवा तीन मारी बिस्किटं म्हणजे अंदाजे १५ ते २० ग्रॅम. तासा-दीड तासाला यातलं एक गेलं तरी भागलं. आणि बघायला येणारे पाहुणे नारळपाणी, मोसंबी, सफरचंदाची पिशवी घेऊन येतात, ते वाईट नाही पण शुगर २८० असताना दोन मोसंब्यांचा ज्यूस पाजू नका.

४. ओआरएस दिलं तर शुगर वाढणार नाही का? त्यात ग्लुकोज असतं ना?

असतं, पण फार थोडं. एक लिटर पाण्यात टाकायच्या पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात पावणेतीन ग्रॅमच, अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा जरासं जास्त. ते ग्लुकोज चवीसाठी नसतं, त्याच्याबरोबरच मीठ आणि पाणी आतड्यातून आत खेचलं जातं. जुलाब-उलट्या असतील तर शुगरवाल्याला ओआरएस द्यायचंच, फक्त पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरच पाणी घ्या, अर्धं पाकीट पेल्यात टाकून कालवू नका. बीपीवाल्यांना दिवसभर सवयीनं ओआरएस नको, नुसता ताप आहे आणि जुलाब नाहीत तर पाणी-ताक पुरतं.

मेडिकलमध्ये खोक्यात तयार गोड पेय मिळतं ते वेगळं. त्यात साखर कितीतरी जास्त असते आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांवर ओआरएस शब्द छापायलाच मनाई केली. पावडरचं पाकीट मागा, त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं असतं.

५. रोज चार-पाच गोळ्या आहेत. कोणती चालू ठेवायची, कोणती थांबवायची?

गोळीचं कंपनीचं नाव सोडा, स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात आतलं औषध लिहिलेलं असतं ते वाचा, दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. एकेका औषधाचा स्वभाव वेगळा आहे.

नावाच्या शेवटी "फ्लोझिन" असलेली गोळी (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) ताप आला, जेवण निम्म्यावर आलं की त्याच दिवशी थांबवायची. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, बरोबर पाणीही जातं, आणि जेवण नसताना शरीरात कीटोन नावाचं आम्ल साठू शकतं. त्याचा धोका काय ते प्रश्न ९ मध्ये. गेल्या काही वर्षांत ही गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली, पण आजारपणात थांबवायची असते हे चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही. माझ्या मते मेडिकलवाल्यानं देतानाच सांगितलं पाहिजे.

मेटफॉर्मिन नुसत्या तापात, पाणी नीट जात असेल तर चालू राहू शकते. उलट्या, जुलाब सुरू झाले किंवा पाणीही जात नाही, लघवी कमी झाली, तर थांबवा. पाणी कमी पडलं की किडनी मंदावते, मेटफॉर्मिन बाहेर पडत नाही आणि रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठायची भीती असते.

ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात, जेवण असो नसो. म्हणून यांचं रोजच्या रोज ठरतं, शुगर वाढलेली आणि थोडंफार खाल्लं जातंय तर डॉक्टर चालू ठेवतात किंवा निम्मी करतात, शुगर १५० च्या आत आणि जेवण जवळपास शून्य तर ती वेळ सोडायला सांगतात.

नावात "ग्लिप्टिन" असलेल्या (व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन) सहसा त्रास देत नाहीत, चालू राहतात. बीपीची टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी उलट्या-जुलाबात डॉक्टर थांबवायला सांगतात, नुसत्या तापात आपल्या मनानं थांबवू नका.

आता खरी अडचण. आपल्याकडं बहुतेकांना दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, ग्लायमेपिराइड अधिक मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन अधिक डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे. एक थांबवायचं म्हटलं तर दुसरंही थांबतं आणि गोळी मोडून अर्धी करावी तर काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या मोडायच्या नसतात. म्हणून ताप नसताना, नेहमीच्या तपासणीला गेल्यावरच डॉक्टरांना विचारून घ्या की "मी आजारी पडलो तर यातलं काय थांबवू आणि त्याच्याऐवजी काय घेऊ", आणि ते चिठ्ठीच्या मागं लिहून घ्या. रात्री अकरा वाजता ताप भरल्यावर हे शोधत बसणं अवघड जातं.

६. एखादं उदाहरण देऊन सांगता का? असं वाचून डोक्यात बसत नाही.

समजा परभणीकडचे एक तात्या आहेत, वय ६२. सकाळ-संध्याकाळ ग्लायमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, सकाळी डॅपाग्लिफ्लोझिन, बीपीला टेल्मिसार्टन. एरवी उपाशीपोटीची शुगर १३० च्या आसपास.

पहिल्या संध्याकाळी अंगात कणकण, ताप १०२, अर्धी भाकरी खाल्ली. शुगर २१४. पाणी नीट पितायत, उलटी नाही, म्हणून संध्याकाळची एकत्र गोळी घेतली ते बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी २६८. इथं घरचे म्हणतात की काल जेवलेच नाहीत मग २६८ कसे, तर ते प्रश्न १ मधलं लिव्हरचं काम. डॅपाग्लिफ्लोझिन आज थांबवली. डॉक्टरांना फोन केला, शुगर चढलेली आणि वाटीभर कण्या गेलेल्या, म्हणून एकत्र गोळी घ्या म्हणाले. दुपारी २३१. संध्याकाळी १४८ आणि जेवण म्हणाल तर दोन चमचे पेज. आता हीच गोळी तशीच दिली असती तर त्यातल्या ग्लायमेपिराइडनं मध्यरात्री शुगर पाडली असती. फोनवर विचारून संध्याकाळची गोळी सोडली, झोपताना वाटीभर दूध दिलं, रात्री दोन वाजता तपासली तर १७६. एकच गोळी, एकच दिवस, सकाळी द्यायची आणि संध्याकाळी नाही, कारण बघायचं ते गोळीकडं नाही तर शुगरचा आकडा आणि पोटातलं अन्न या दोन्हीकडं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोन उलट्या, पातळ संडास, शुगर २९८. आता मेटफॉर्मिन नको कारण पाणी चाललंय, टेल्मिसार्टन नको, ग्लायमेपिराइड द्यावी तर पोटात काही टिकत नाही, आणि काहीच न द्यावं तर शुगर तीनशेला टेकलेली. म्हणजे घरातले सगळे मार्ग संपले. अशा वेळी अजून एक दिवस वाट बघू म्हणायचं नाही. दवाखान्यात नेलं, किडनीचं काम कळायला क्रिएटिनिन, शिवाय सोडियम-पोटॅशियम, लघवीतले कीटोन तपासले, सलाइन लावली आणि दोन दिवस थोडं थोडं इन्सुलिन दिलं. इन्सुलिन म्हटल्यावर तात्यांनी "आता जन्माचं लागलं का" विचारलं, तसं नसतं, आजारापुरतं असतं. पाचव्या दिवशी जेवण रुळावर आलं, एकत्र गोळी सुरू झाली, डॅपाग्लिफ्लोझिन अजून दोन दिवसांनी.

७. आईला सरकारी दवाखान्यातलं ३०/७० इन्सुलिन आहे, सकाळी २४ संध्याकाळी १६. जेवत नाही तर देऊ का नको?

द्यायचं, पण किती ते विचारून. या बाटलीत ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के संथ चालणारं इन्सुलिन एकत्र असतं. संथ भाग जेवण नसतानाही लागतोच, तो लिव्हरला आवरून धरतो. लवकरचा भाग मात्र जेवणासाठी असतो, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, हीच या इन्सुलिनची पंचाईत. शुगर २४० आहे आणि निम्मं जेवण जातंय तर डॉक्टर बऱ्याचदा तोच डोस किंवा जरा कमी सांगतात, शुगर ११० आहे आणि काहीच जात नाही तर निम्म्याच्या आसपास आणतात. एरवी इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी देतात, पण आजारी माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतो, म्हणून "खाल्लेलं बघून मग देऊ का" हेही फोनवर विचारून घ्या. रात्री एकदाच घ्यायचं ग्लार्जिनसारखं इन्सुलिन असेल तर ते साधारण तसंच चालू राहतं, सकाळची शुगर १०० च्या खाली येत असेल तरच कमी करायचं विचारा.

८. पुतणीला लहानपणापासूनची शुगर आहे, टाइप १. तिला ताप आला तर हेच नियम का?

नाही, तिचे नियम कडक आहेत. तिच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन नाहीच, त्यामुळं एखादा दिवस बंद ठेवणं म्हणजे काही तासांत कीटोन साठून जीवावर बेतणं. खाल्लं नाही तरी संथ इन्सुलिन पूर्ण द्यायचं, तापात उलट जास्तच लागतं. शुगर २५० च्या वर गेली किंवा उलटी झाली की लघवीची कीटोन स्ट्रिप लावायची, तालुक्याच्या मेडिकलमध्ये नसली तर आधीच मागवून ठेवा. लघवीत दोन प्लस किंवा जास्त आले, किंवा रक्ताच्या मशीनवर कीटोन १.५ च्या वर आले तर लगेच दवाखाना.

पोट दुखतंय, उलट्या होतायत म्हटलं की आपल्याकडं पित्त झालं म्हणून पुडी देतात आणि रात्र काढतात. टाइप १ च्या मुलाला उलटी झाली की आधी शुगर आणि कीटोन, पित्त नंतर.

९. शुगर फक्त १८० आहे पण उलट्या होतायत आणि श्वास जोरात चाललाय. शुगर तर ठीक आहे ना?

नाही, हीच फसवी जागा. "फ्लोझिन" गोळी चालू असेल तर कीटोन भरपूर साठलेले असूनही शुगर २५० च्या आत राहू शकते, कारण गोळी साखर लघवीतून बाहेर काढत असते. आकडा बघून घरचे निवांत, बऱ्याचदा गावातले डॉक्टरही निवांत. मळमळ, पोटदुखी, खूप थकवा, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यातलं काही असेल तर शुगर कितीही असो, कीटोन तपासायला लावा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा की "ही गोळी चालू होती", स्ट्रिप खिशात घेऊन जा. गोळी काल थांबवली असली तरी सांगा, तिचा परिणाम काही दिवस राहतो.

१०. गावातल्या डॉक्टरनं सलाइन आणि ताप उतरायचं इंजेक्शन दिलं, ताप गेला पण शुगर ४०० झाली. असं का?

दोन कारणं असू शकतात. एक, सलाइन कोणती होती. डीएनएस किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच चमचे साखर सरळ शिरेत. साध्या एनएस किंवा आरएलमध्ये ग्लुकोज नसतं. काही वेळा डेक्स्ट्रोज मुद्दाम द्यावं लागतं, शुगर खाली असेल किंवा कीटोनसाठी इन्सुलिन चालू असेल तेव्हा, पण शुगर २८० असताना अशक्तपणासाठी म्हणून नाही.

दुसरं कारण जास्त मोठं. "ताप उतरायचं" म्हणून डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं जातं. माणसाला दोन तासांत तरतरी येते, डॉक्टर चांगला वाटतो आणि शुगर पुढचे दोन-तीन दिवस आटोक्यात येत नाही. इंजेक्शन घ्यायच्या आधी नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, पेशंटला शुगर आहे, यात स्टेरॉइड आहे का?" यात अपमान व्हायचं काही कारण नाही. दमा किंवा दुसऱ्या कारणासाठी खरंच लागत असेल तर घ्या, मग शुगर दर चार तासांनी बघा.

११. तापासाठी घरी काय द्यायचं? काढा चालतो का?

पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त नको, लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड नको, पाणी कमी पडलेल्या शरीरात किडनीला मार बसतो आणि ताप डेंग्यूचा असला तर रक्तस्रावाची भीती. गुळवेलाचा काढा घरोघरी असतो, त्यात गुळाचा खडा टाकलेला असतो तेवढा तरी काढा, आणि काढा चालू आहे म्हणून शुगरची औषधं सोडू नका.

ताप कशाचा आहे हेही बघा. शुगरवाल्याला पायाचे तळवे, बोटांच्या बेचक्या बघितल्याशिवाय "व्हायरल असेल" म्हणू नका, शेतातला काटा मोडून आत पू झालेला असतो आणि बधिर पायाला कळलेलं नसतं. लघवीला जळजळ होते का तेही विचारा.

१२. शुगर ६० झाली, साखर-पाणी दिलं तरी लवकर वाढेना. का?

नेहमीची पद्धत अशी, ७० च्या खाली आली की तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासा, वाढली नाही तर परत तेवढंच, ७० च्या वर आल्यावर थोडी पेज किंवा बिस्किटं. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका, १०८ लावा.

वाढत नसेल तर स्ट्रिपमागं व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का बघा, तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते असतं. हे औषध घरच्या साखरेचं पचन अडवतं, म्हणून अशा माणसाला साखर नाही, मेडिकलमधलं साधं ग्लुकोज पावडरच द्यायचं. घरात एक डबा ठेवाच.

आणि ग्लायबेनक्लामाइड, ग्लायमेपिराइडवाल्यांची शुगर एकदा वर आली म्हणून मोकळं होऊ नका. वयस्कर माणूस, किडनी थोडी कमजोर, अशा वेळी गोळीचा असर दिवसभर रेंगाळतो आणि तीन-चार तासांनी शुगर परत पडते. असा पेशंट एक दिवस दवाखान्यात नजरेखाली ठेवलेला बरा.

१३. मशीनचा आकडा खरा मानायचा का?

बहुतेक वेळा हो. हात साबणानं धुऊन कोरडे केले का ते आधी बघा, मोसंबी सोललेल्या बोटावर आकडा फुगतो. स्ट्रिपची डबी चाळिशीच्या वरच्या उन्हात पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत राहिली असेल तर भरवसा नाही. डेंग्यूत रक्त घट्ट होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट वाढतं, तेव्हा बऱ्याच मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, म्हणून दवाखान्यात शिरेतल्या रक्ताची शुगर एकदा ताडून घ्या. पेशंटकडं बघून आकडा पटत नसेल तर पेशंटवर विश्वास ठेवा, मशीनवर नाही.

१४. मामांचं हार्ट कमजोर आहे, पाणी दीड लिटरच सांगितलंय. मग प्रश्न ३ मधलं कसं करायचं?

करायचं नाही. त्यांना जास्त पाजलं तर फुप्फुसात पाणी होईल, कमी पाजलं तर किडनी बसेल, ही तारेवरची कसरत घरी होत नाही. हार्ट फेल्युअर, डायलिसिस किंवा क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला ताप आणि कमी जेवण दोन्ही असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईला शुगर असेल तर तिच्यासाठीही हाच नियम, वाट बघायची नाही.

१५. दवाखान्यात न्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

शुगर आणि कीटोनचे आकडे प्रश्न २, ८ आणि ९ मध्ये आलेत. त्याशिवाय, चार-सहा तास पाणीसुद्धा टिकत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, ताप दोन दिवसांत हटत नाही, छातीत दुखतं, धाप लागते, यातलं एकही पुरेसं आहे.

म्हाताऱ्या माणसांत एक गोष्ट हमखास निसटते. टाइप २ वाली आजी तापात हळूहळू गुंगीत जाते, प्रश्नाला उशिरा उत्तर देते, नातवाचं नाव चुकते, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, झोपू द्या. अशा आज्यांची शुगर दवाखान्यात ६०० च्या वर निघते, उलटी नाही, पोटदुखी नाही, नुसती झोप. तापातली झोप असेल तर हाक मारल्यावर माणूस नीट बोलतो. नीट बोलत नसेल तर १०८ ला फोन करा आणि जिथं आयसीयू आहे तिथं न्या, जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय किंवा संभाजीनगरचा घाटी दवाखाना. मधल्या छोट्या दवाखान्यात दोन सलाइन लावून बघण्यात वेळ घालवू नका.

१६. बरं वाटतंय आता. थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या?

मेटफॉर्मिन, "फ्लोझिन" आणि बीपीची थांबवलेली गोळी, नेहमीसारखं खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की. एक पोळी खाल्ली म्हणजे नेहमीसारखं नाही, दोन्ही वेळचं जेवण पूर्वीच्या जवळपास पाहिजे. उलट्या-जुलाब जोराचे झाले होते किंवा ॲडमिट होते तर आधी क्रिएटिनिन तपासून मग. ग्लायमेपिराइड जेवण सुरू झालं की पहिल्या जेवणाबरोबर येऊ शकते, आकडा बघून. वाढवलेलं इन्सुलिन मात्र लगेच खाली आणायला विचारा, ताप गेला की त्याची गरज एक-दोन दिवसांत उतरते आणि जुन्याच वाढीव डोसवर राहिलं की तिसऱ्या दिवशी पहाटे घाम फुटून शुगर ५५ निघते.